भोपळ्याच्या वेलातलं लाल कडं

आर्तत्राण मेहेर सोनपूरच्या एका कॉलेजात पंधरा वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवत होता, आणि पंधराही वर्षं तिथं तो पाहुणाच होता. कागदोपत्री त्याच्या पदाचं नावच तसं होतं, पाहुणा व्याख्याता. आता ज्या घरी माणूस पंधरा वर्षं जेवतो, त्या घरचा तो पाहुणा कसला? पण सरकारला हे कोण सांगणार! दर उन्हाळ्यात कॉलेज त्याला नारळ देई आणि पावसाळा लागला की पुन्हा बोलावून घेई. मधले दोन महिने त्याची बायको कुंतला माहेरच्या मागावर साड्या विणून घर चालवी. नवऱ्याचं आडनाव मेहेर, जात विणकराची, आणि विणायला येतं ते बायकोला, असं शेजारीपाजारी म्हणत. तोही हसून घ्यायचा. पंधरा वर्षांत त्याला एवढी एक कला मात्र उत्तम साधली होती, हसून घ्यायची.

त्या वर्षी मात्र गोष्ट वेगळी होती. जुन्या पाहुण्यांना कायम करून घ्यायचं असं वरून ठरलं होतं. कॉलेजातून नावं जायची होती, आणि नावासोबत प्राचार्यांचा चांगला शेरा. शेरा नाही तर नाव नाही. आर्तत्राणचं वय चव्वेचाळीस झालेलं, पुन्हा अशी संधी येईल असं त्याच्या कपाळावर काही लिहिलेलं दिसत नव्हतं. प्राचार्य गजेंद्र पाणिग्राही मनानं वाईट नव्हते, फक्त त्यांना कटकट नको असायची. त्यांनी स्पष्टच सांगितलं, "आर्तबाबू, प्रात्यक्षिक परीक्षा तेवढी सुखरूप पार पाडा. बाहेरच्या परीक्षक खूश होऊन गेल्या पाहिजेत, मुलं सगळी पास झाली पाहिजेत, कुणाची तक्रार नको. मग शेरा माझ्याकडे लागला."

वर त्यांनी आपला जुना विनोदही सांगितला. स्टाफरूममध्ये तो दरवर्षी व्हायचा. "तुम्हीच शिकवता ना, स्थायी ऊती म्हणजे काय? जिच्या पेशींनी वाढणं, विभागणं सोडून दिलं ती. मग कायम व्हायची घाई कशाला करता? मेरिस्टेमसारखे राहा, नित्य वाढते." सगळे हसले. आर्तत्राणही हसला. मेरिस्टेमला दोन महिने बिनपगारी घरी बसावं लागत नाही, हे त्याच्या ओठांवर आलं होतं, पण शेरा अजून लिहून व्हायचा होता.

आता त्याच्या शिकवण्याबद्दल खरं ते सांगायला हवं. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक सात होते, त्यातले दोनच धड. बाकीच्यांच्या भिंगांना बुरशी धरलेली. पहिली दोनतीन वर्षं आर्तत्राणनं अर्ज केले, मुलांना त्या दोन यंत्रांपुढे रांगेत उभं करून एकेकाला छेद दाखवला. मग अर्जही थकले आणि तोही थकला. पुढे तो फळ्यावर आकृती काढायचा, मुलं ती उतरवून घ्यायची. भोपळ्याच्या खोडाची आकृती तर तो डोळे मिटून काढी. बाहेर त्वचा, तिच्या खाली उंचवट्यांमध्ये कॉलेन्कायमा, मग हिरवट मऊ पेशी, मग स्क्लेरेन्कायमाचं जाड लाल कडं, आत वाहक जुडग्यांच्या दोन ओळी आणि मध्ये पोकळी. ते कडं लाल खडूनं काढायचं. मुलांना ते फार आवडे, कारण आकृती त्यामुळे उठून दिसते.

आणि तोंडी परीक्षेसाठी तो प्रश्नोत्तरं लिहून देई. मेरिस्टेम कुठे असतो? मुळाच्या आणि खोडाच्या टोकाशी, गवताच्या पेरांच्या बुडाशी, आणि खोडाच्या कडेनं जिथं त्याची जाडी वाढते तिथं. त्याच्या पेशी कशा? भिंत पातळ, केंद्रक मोठं, आत जीवद्रव्य गच्च, पेशींमध्ये फट नाही. पॅरेन्कायमा? जिवंत, पातळ भिंतींचा, पेशींमध्ये मोकळी जागा, अन्नपाणी साठवणारा. कॉलेन्कायमा? जिवंत, कोपऱ्यांत जाड झालेला, जाडी सेल्युलोज आणि पेक्टिनची, खोडाला आधारही देतो आणि वाकूही देतो. स्क्लेरेन्कायमा? पुरा वाढल्यावर मेलेला, भिंती लिग्निननं टणक, तंतू आणि दगडपेशी असे दोन प्रकार. पोरं हे पाढ्यांसारखं घोकत. ओळीनं विचारलं तर घडाघडा येई. ओळ मोडली की गाडी घसरे. पण बाहेरून येणारे परीक्षक बहुधा ओळीनंच विचारत, त्यांनाही संध्याकाळची बस असे.

परीक्षेचं साहित्य आणायचं काम दरवर्षी प्रयोगशाळेचा शिपाई करायचा. तो आपल्या परसातला, मंडपावर चढून निब्बर झालेला वेल बुडाकडून तोडून आणी. तो गेल्या साली निवृत्त झाला आणि त्याची जागा रिकामीच राहिली. तेव्हा परीक्षेच्या सकाळी आर्तत्राण स्वतःच पिशवी घेऊन भाजीबाजारात गेला. रात्रभर झोप नव्हती. उकाडा असा की भिंतीला हात लावला तर भाजावा. कुंतलाही जागीच होती, पंख्याखाली पडून शेऱ्याचा हिशोब करत होती. कायम झालात तर आधी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन करून घेऊ, असं तिनं तीनदा सांगितलं. त्यानं तीनदा हूं म्हटलं.

बाजारात भोपळ्याचे वेल जुड्या करून मांडलेले. आमच्याकडे ते मोहरी घालून खातात, पखाळ भाताबरोबर, म्हणजे रात्रभर पाण्यात ठेवलेल्या भाताबरोबर, तर विचारूच नका. आर्तत्राणनं वाकून एकेक वेल उचलला, अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं. नख सहज गेलं की वेल चांगला. ज्यात नख अडतं त्याचे दोर निघतात, ती जुडी बाजूला. असं निवडून चांगल्यात चांगल्या चार जुड्या त्यानं पिशवीत घातल्या. भाजीवाली म्हणाली, "सर, आज पाहुणे दिसतात घरी." तो म्हणाला, "हो, मोठे पाहुणे." हात लहानपणापासून जे करत आला ते त्यानं केलं आणि डोक्याला विचारलंही नाही. पंधरा वर्षं वर्गात स्क्लेरेन्कायमा शिकवणाऱ्या माणसाला हे सुचलं नाही की नख ज्याला अडतं ना, तेच ते लाल कडं.

बाहेरच्या परीक्षक दाश मॅडम अकराच्या सुमाराला पोचल्या. बसनं आल्या होत्या. साठीला टेकलेल्या, गुडघे दुखरे, पदरानं सारखा मानेवरचा घाम टिपत होत्या. प्राचार्यांनी नारळपाणी पुढे केलं, दुपारच्या मटणाचा विषय काढला. मॅडम म्हणाल्या, साखर आहे, तिखट चालत नाही, गुडघे चढ चढू देत नाहीत, आधी मुलं बघू. आर्तत्राणला ही बाई एकदम आपल्यातली वाटली. इतकी थकलेली माणसं सहसा खोलात शिरत नाहीत, अशी त्याची समजूत होती.

मुलं वीसबावीस. प्रत्येकाला वेलाचा तुकडा, ब्लेड, काचेच्या बश्या, सॅफ्रानिनची बाटली. छेद घ्यायचा, सॅफ्रानिनमध्ये रंगवायचा, धुवायचा, ग्लिसरिनमध्ये काचपट्टीवर बसवायचा आणि दिसेल ते काढायचं. सॅफ्रानिनचं काम एवढंच, जिथं लिग्निन असेल तिथं लाल व्हायचं. शेजारच्या शाळेतून आणखी चार सूक्ष्मदर्शक उसने आणले होते, एका यंत्रावर तिघाचौघांची पाळी. मुलांनी छेद घेतले, काचपट्टी यंत्राखाली सरकवली आणि माना खाली घालून आकृत्या काढायला लागली. एकानंही भिंगाला डोळा लावला नाही, आणि आर्तत्राणला त्यात काही वावगंही दिसलं नाही. दरवर्षी असंच व्हायचं.

फक्त जेमामणी भोई शेवटच्या बाकावर यंत्रात डोकं घालून बसली होती. जेमा म्हणजे बारीक चणीची, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेली मुलगी. आईच्या आजारपणात ती चार महिने बुर्ल्याच्या सरकारी दवाखान्यातच होती. फळ्यावरची आकृती तिनं उतरवून घेतलेली नव्हती, प्रश्नोत्तरंही आठ दिवसांपूर्वी कुणाकडून तरी घेतलेली. घोकलेलं काही नाही, म्हणून बिचारी बघत बसली होती.

तोंडी परीक्षा सुरू झाली. पहिला नंबर सौम्यरंजनचा. हा वर्गातला हुशार मुलगा, आणि त्याचे वडील कॉलेजच्या समितीवर. मॅडमनी विचारलं, स्क्लेरेन्कायमा जिवंत की मृत? त्यानं तत्परतेनं सांगितलं, जिवंत, पातळ भिंतींचा, अन्नपाणी साठवणारा. प्रश्न मधूनच विचारला गेल्यानं त्याची गाडी पॅरेन्कायमाच्या स्टेशनात शिरली होती. आर्तत्राणनं मागून खाकरून पाहिलं. मॅडमनी समजून घेतलं. पेरू खाताना दाताखाली काय कचकचतं, असं विचारलं. सौम्य म्हणाला, बी. मॅडम म्हणाल्या, बी सोडून, बाळ. दगडपेशी त्याला पाठ होत्या, पण त्या पेरूत असतात हे ठाऊक नव्हतं. गाय गवताचा शेंडा खाऊन जाते तरी गवत पुन्हा कसं वाढतं, याला एका मुलीनं पाऊस पडतो म्हणून, असं उत्तर दिलं. मॅडमनी डोळे मिटून घेतले. त्यांनी कुणाला रागावून काही म्हटलं नाही, नुसत्या गुण मांडत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून आर्तत्राणला कळत होतं की हे सगळं त्यांनी पुष्कळदा ऐकलंय, आणि याच उत्तरांवर मुलं पासही केलीत. पालथ्या घड्यावर पाणी घालणारी माणसं एकमेकांना लांबून ओळखतात.

शेवटी जेमा आली. मॅडमनी तिची आकृती हातात घेतली आणि म्हणाल्या, "अगं, यात स्क्लेरेन्कायमा कुठे आहे?"

"दिसला नाही, मॅडम."

"भोपळ्याच्या खोडात असतो तो. कडं असतं त्याचं. पुस्तकात नाही वाचलंस?"

"पुस्तकात आहे. माझ्या छेदात नाही. आतल्या नळ्यांची तोंडं तेवढी लाल झाली. बाहेरच्या बाजूला लाल काहीच नाही."

आर्तत्राण पुढे होऊन म्हणाला की मुलगी बरेच महिने गैरहजर होती, छेद नीट जमला नसेल, रंग धुऊन गेला असेल. मॅडमनी हातानंच त्याला थांबवलं आणि जेमाला विचारलं, "बरं, कडं नाही म्हणतेस. मग हा वेल कशाच्या आधारानं उभा राहतो?"

जेमानं जरा विचार केला. "कोपऱ्यांच्या, मॅडम. त्वचेखाली, उंचवट्यांत, कोपरे जाड झालेल्या पेशी दिसतात. कॉलेन्कायमा."

"आणि कोवळ्या भागात कॉलेन्कायमाच का? स्क्लेरेन्कायमा का नाही?"

"तो जिवंत असतो ना. खोड लांब होतं तसा तोही ताणला जातो. स्क्लेरेन्कायमाच्या पेशी टणक होऊन मरतात, त्या ताणल्या जात नाहीत. वाढायचं थांबल्यावर त्यांचा उपयोग."

दिवसभरात ओळ सोडून आलेलं हे पहिलंच उत्तर. मॅडम गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि जेमाच्या यंत्राशी गेल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग सौम्यरंजनच्या यंत्राशी, मग त्याच्या शेजारच्या. एकेका भिंगाला डोळा लावत त्या सगळी रांग फिरल्या, दर ठिकाणी आधी आत बघायच्या, मग आकृतीकडे. आकृत्यांमध्ये लाल कडी कशी झकास गोल उमटलेली. यंत्राखाली एकाही छेदात कडं नव्हतं.

तेवढ्यात प्राचार्यांनी आर्तत्राणला दाराशी बोलावून घेतलं. मटण निवत होतं आणि कटकटीचा वास त्यांना बरोबर लागला होता. कुजबुजत म्हणाले, "आर्तबाबू, कपाटात जुन्या कायम टिकणाऱ्या काचपट्ट्या आहेत ना, विकत आणलेल्या? भोपळ्याची एक काढा, पोरीच्या यंत्राखाली घाला. मॅडमना म्हणावं, नीट बघा, कडं आहे, पोरीला दिसलं नाही. विषय मिटतो. मुलीचे चार गुण गेले तर काय आभाळ कोसळतंय? पास होतेच आहे."

आर्तत्राणनं कपाट उघडलं. काचपट्टी सापडली, खिडकीशी धरली तर नुसत्या डोळ्यालाही तांबडी रेघ दिसत होती. ती तळहातात लपवून तो परतला. जेमा यंत्रापासून बाजूला उभी होती, मॅडम टोकाच्या बाकाशी पाठमोऱ्या. मध्ये पाचसहा पावलं. शेरा, आईचा डोळा, उन्हाळ्यातले ते दोन महिने, सगळं त्या पाचसहा पावलांवर येऊन ठेपलं होतं.

लोक नंतर म्हणाले की आर्तत्राणनं मोठा सत्यवादीपणा केला. तसं काही नव्हतं. काचपट्टी घालायची, मग मॅडमना बोलवायचं, मग छेदाची कड इतकी सरळ कशी, हा रंग इतका जुना कसा, असं त्यांनी विचारलं की आणखी काही रचायचं, मग जेमाच्या तोंडाकडे बघत ती चुकली म्हणायचं. एवढं सगळं करायला अंगात बळ लागतं. ते त्याच्यात उरलंच नव्हतं. तो बाकावर बसला आणि म्हणाला, "मॅडम, वेल मी आणला. बाजारातून, खायला आणतात तसा निवडून कोवळा आणला. कडं तयार व्हायच्या आधीचा आहे. मुलीचं बरोबर आहे."

"आणि बाकीच्यांचं?"

"त्यांनी फळ्यावरून काढलंय. फळ्यावर मी काढलेलं."

मॅडम त्याच्यासमोरच्या स्टुलावर बसल्या. रागावल्या नव्हत्या. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि हळू आवाजात विचारलं, "किती वर्षं शिकवताय?" त्यानं सांगितलं. "कायम आहात?" तो नाही म्हणाला. मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "मीही आकृत्याच तपासत आलेय हो. आज त्या पोरीमुळे आत बघितलं." आणि गुणपत्रिका पुढे ओढली.

त्यांनी कुणाला नापास केलं नाही. पण ज्यानं न दिसलेलं कडं काढलं त्याचे आकृतीचे गुण कापले, आणि ते सगळेच होते, एक सोडून. जेमा पहिली आली, सौम्यरंजन नववा. मटण मॅडमनी दोन घास खाल्लं आणि पाचच्या बसनं गेल्या. त्यांना स्टँडवर सोडून परत येताना आर्तत्राणला फार हलकं वाटलं, हेही सांगितलं पाहिजे. वाटेत त्यानं थंड लस्सी घेतली. घरी कुंतलाला सगळं सांगितलं. ती भाकरीचं पीठ मळल्यासारखे हात चोळत ऐकत राहिली आणि म्हणाली, "तुम्हाला चांगलं वाटतंय ना, वाटू द्या. मला भीती वाटते."

तिची भीती खरी ठरायला महिनाही लागला नाही. निकाल लागला तसे सौम्यरंजनचे वडील कॉलेजात आले. त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. मास्तरांनी जे शिकवलं ते मुलानं काढलं, साहित्य मास्तरांनी चुकीचं आणलं, आणि गुण मुलाचे कापले, हा कुठला न्याय? आणखी आठदहा पालकांनी तक्रारीवर सह्या केल्या. प्राचार्यांनी हात वर केले. समितीनं चौकशी बसवली, आणि चौकशीत एकच मुद्दा महत्त्वाचा ठरला. साहित्याची चूक एका दिवसाची, ती कुणाच्याही हातून होते, ती माफ करता येईल, असं समितीतले एकदोघे म्हणत होते. पण मास्तर मुलांना सूक्ष्मदर्शकातून बघायला शिकवतच नव्हते असं सौम्यचे वडील म्हणतात, ते खरं की खोटं? खरं असेल तर शेरा देता येणार नाही.

मुलांना एकेक करून आत बोलावलं. आर्तत्राण बाहेर व्हरांड्यात बाकावर बसला होता. पोरं बाहेर येत आणि जाताना खालच्या आवाजात सांगून जात. सर, आम्ही सांगितलं, सर दाखवायचे. सर, काळजी करू नका. ज्यांचे गुण गेले तीही मुलं त्याच्या बाजूनं खोटं बोलून येत होती, आणि खुद्द सौम्यरंजन, बापासमोर, आठवत नाही म्हणाला होता. आर्तत्राणला भरून आलं. या पोरांना आपण काय दिलं, घोकंपट्टीच ना, तरी ही आपल्याला जपतात. त्याला पहिल्यांदाच वाटलं की काम होऊन जाईल.

सगळ्यात शेवटी जेमाला बोलावलं. तिचा शब्द मोलाचा, समितीतल्या एकानं तसं बोलूनही दाखवलं होतं. तिच्यासाठीच तर मास्तरानं सगळं ओढवून घेतलं, ती त्याच्याविरुद्ध कशी जाईल? आणि तिच्यावर अविश्वास दाखवायला कुणाला तोंड नव्हतं, कारण न दिसलेलं ती काढत नाही हे तर खुद्द परीक्षकांनी लिहून दिलेलं.

ती थोड्याच वेळात बाहेर आली. सरळ त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. बाकीच्यांसारखी कुजबुजली नाही.

"सर, त्यांनी विचारलं, सरांनी वर्गात कधी सूक्ष्मदर्शकातून छेद दाखवला का. मी नाही म्हटलं. परीक्षेच्या दिवशीच पहिल्यांदा बघितला, असं सांगितलं."

आर्तत्राणनं तिच्याकडे बघितलं. त्याला राग आला, खोटं कशाला सांगायचं. एक शब्द, पोरी! एवढ्या सगळ्यांनी उच्चारला, तुला जड होता? तुझ्यासाठी मी… इथपर्यंत मनात आलं आणि पुढे जाईना. तिच्यासाठी काय? तिचं बरोबर होतं तेव्हा बरोबर म्हटलं होतं, एवढंच. आणि आजही ती बरोबरच होती. तिचं तोंड उतरलेलं होतं, ओठ चावून चावून लाल केलेले. तिलाही ते सोपं गेलेलं नव्हतं.

"चुकलं का, सर?" तिनं विचारलं.

आत प्राचार्य पाणिग्राहींचा आवाज येत होता, ते कारकुनाला यादी नव्यानं लिहायला सांगत होते. नावं तीन होती, आता दोन.

"नाही," आर्तत्राण म्हणाला. "जे आहे तेच सांगितलंस."

तिनं मान हलवली, तरी जागची हलेना. मग खाली वाकून त्याच्या पायाला हात लावला आणि निघून गेली. तो तसाच बाकावर बसून राहिला. कुंतलाला काय सांगायचं हे त्याला सुचत नव्हतं. खूप वेळानं कारकून कुलूप लावायला आला आणि म्हणाला, सर, उठा आता, तुमची उन्हाळ्याची सुट्टी आजपासूनच धरलीय.